दुसऱ्या प्रकरणातला पहिला मान

आमच्या विभागात देव कोणी मानत नसे, पण नमस्कार मात्र सगळेच करत. विभाग समाजशास्त्राचा, आणि माझ्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय होता धर्म. गावाकडून शहरात येऊन गिरणीत लागलेल्या माणसाचा धर्म टिकतो, आटतो की रूप बदलतो, असा. इंग्रजीत याला सेक्युलरायझेशन म्हणत. मराठीत कोणी इहवाद म्हणे, कोणी ऐहिकीकरण. आमच्या लालबागच्या चाळीत कोणी काहीच म्हणत नसे. कारखाने आले, शहरं वाढली, की समाज धर्माच्या हातून हळूहळू सुटत जातो, असा एक सिद्धान्त युरोपातल्या मोठ्या डोक्यांनी मांडला होता, आणि तो कितपत खरा यावर विद्वानांची चांगलीच जुंपलेली होती. त्या भांडणाचा आढावा मला दुसऱ्या प्रकरणात घ्यायचा होता. त्या एका प्रकरणाने माझ्या आयुष्याचं वळण ठरवलं, आणि ते चांगलं वळण नव्हतं.

फाउंटनला गोळीबार झाला त्यानंतरची ती वर्षं. मुंबई द्विभाषिकात कोंबलेली, आणि आमच्या भागात रोज सभा नाहीतर मोर्चा. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गाव मालवणकडचं. युनियन लाल बावट्याची, आणि चाळीच्या सार्वजनिक गणपतीच्या कमिटीतही बाबा होतेच. यात त्यांना कधी काही विसंगत वाटलं नाही आणि मलाही प्रबंध हाती घेईपर्यंत वाटलं नव्हतं. त्या सुमारास परळच्या बाजूला एक नवीन कॉलेज निघत होतं. तिथल्या प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं होतं, जूनपर्यंत एम.ए. हातात असेल तर समाजशास्त्राच्या अध्यापकाची जागा तुमची. बाबांनी ही गोष्ट चाळीतच नाही तर अख्ख्या साचेखात्यात सांगून टाकली होती. त्यामुळे जून हा महिना आमच्या घरी लग्नाच्या तारखेसारखा धरलेला होता.

माझे मार्गदर्शक दादरला राहत. त्यांना मी इथे नुसतं सर म्हणते. सर पक्के नास्तिक. वडील गेले तेव्हा त्यांनी श्राद्ध केलं नाही, म्हणून भावाने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि हे ते आम्हाला वर्गात अभिमानाने सांगत. शिकवत मात्र सुरेख, हे मी कबूल करते, कारण ते कबूल केल्याशिवाय पुढचा संताप कळायचा नाही.

मी पहिला खर्डा नेला तो बखरीसारखा होता. सर्वांत जुना लेखक आधी, मग त्याच्यानंतरचा, मग त्याच्यानंतरचा. फ्रेंच पंडित काय म्हणाले, त्यावर एक परिच्छेद. जर्मन पंडित काय म्हणाले, त्यावर दुसरा. अमेरिकेतले अलीकडचे, त्यांना एकेक. सरांनी पानं चाळली आणि बाजूला ठेवली. ते म्हणाले, ही यादी झाली, आढावा नव्हे. कोण काय म्हणालं हे विचारू नका, ही माणसं भांडताहेत कशावरून ते विचारा. मग त्यांनी मला कार्डांची पद्धत दाखवली. एका कार्डावर एक लेखक लिहायचा नाही, एक म्हणणं लिहायचं. लेखकाचं नाव कोपऱ्यात, बारीक. मग नावं विसरून म्हणण्यांचे ढीग लावायचे. एकच माणूस तीन ढिगांत सापडला तर घाबरायचं नाही, उलट तो नीट वाचला गेला असं समजायचं.

दादरहून घरी येताना मी अगदी हवेत होते. आयुष्यात कोणी मला इतकं कामाचं काही शिकवलं नव्हतं.

रविवारी दुपारी सुट्टी म्हणून बाबा बाहेर जात आणि आई शेजारी जाई. तेव्हा मी चटई गुंडाळून भिंतीला लावायची आणि उघड्या फरशीवर कार्डं मांडायची. सुरुवातीला सगळा गोंधळ होता. धर्म कमी होतो म्हणणाऱ्यांचा एक ढीग, होत नाही म्हणणाऱ्यांचा दुसरा. पण पाच-सहा कार्डं वाचली की लक्षात येई, हे दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत. एक म्हणतो धर्म कमी झाला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर असतं चर्च, ज्याच्या हातून शाळा गेल्या, दवाखाने गेले, राज्यकारभार गेला. दुसरा म्हणतो कुठे कमी झाला, आणि तो दाखवतो माणसाच्या मनातली श्रद्धा. दोघांचंही खरं असू शकतं. सरकार धर्माच्या कह्यातून सुटलं म्हणून घरातली बाई देवापुढे दिवा लावायची थांबते असं थोडंच आहे.

मी अशीच डोकं धरून बसले होते तेव्हा बाबा आले. दारातच थांबले, कारण पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणाले, ह्या काय मांडलंस. मी त्यांना ढीग समजावले. त्यांना मजा वाटली. त्या वर्षी आमच्या मंडळाने गणपतीपुढे संयुक्त महाराष्ट्राचा देखावा केला होता. गोळीबारात गेलेल्यांच्या स्मरणाची मशाल, मागे मुंबईचा नकाशा, आणि आरतीनंतर युनियनच्या पुढाऱ्याचं भाषण. बाबांनी विचारलं, "अगो, मग आमचो गणपती खंयच्या ढिगात घालतलंस? देव वाढलो काय कमी झालो?"

त्यांनी थट्टेत विचारलं होतं. उत्तराची वाट न बघता ते कार्डं ओलांडत आत चहा ठेवायला गेले. मी मात्र त्याच फरशीवर अडकले. कारण पहिला ढीग म्हणणार, बघा, गणपतीचं नाव आणि काम मात्र राजकारणाचं, म्हणजे धर्म आतून पोकळ झाला. दुसरा ढीग म्हणणार, बघा, लाल बावट्याच्या माणसालाही गणपतीपुढेच उभं राहावं लागतं, म्हणजे धर्म चौकात येऊन बसला. एकच मंडप दोघांच्याही पुराव्यात. मग भांडण पुराव्याचं नाहीच. धर्म कशाला म्हणायचं, याचं ते भांडण आहे, आणि ते सुटल्याशिवाय बाकीचे ढीग लावण्यात अर्थ नाही.

घोडपदेवच्या एका मैत्रिणीच्या घरी तेव्हा नुकताच बौद्ध धर्म स्वीकारलेला होता. फळीवरचे जुने देव विसर्जित झाले होते आणि तिथे बुद्धाची तसबीर आली होती. तिचे भाऊ सांगत, आम्ही धर्माच्या जोखडातून सुटलो. तिची आई सांगे, आम्हाला आता कुठे धर्म मिळाला. एकाच फळीखाली बसून दोघं हे बोलत. मी ते ऐकून घरी आले आणि उरलेली कार्डंही त्याच प्रकारे पुन्हा लावली.

शेवटी चार प्रश्न उरले. पहिला, धर्म म्हणजे काय: माणसं काय मानतात ते, की माणसांना एकत्र बांधून ठेवतं ते. दुसरा, कमी होतं म्हणतात ते नेमकं काय: धर्मसंस्थेची सत्ता, माणसाची श्रद्धा, की धर्माचं चारचौघांतलं स्थान. तिन्ही वेगळ्या गोष्टी, आणि एक घडली म्हणून दुसरी घडतेच असं नाही. तिसरा, कशामुळे: हिशेबी विचारामुळे, कामाच्या विभागणीमुळे, की नाना तऱ्हेची माणसं शेजारी येऊन राहिल्यामुळे. आणि चौथा, हे कुठे लागू: सगळ्या जगाला, की ही युरोपची स्वतःची हकीकत आहे. अमेरिकेत कारखाने भरपूर आणि चर्चही भरलेली, हे चौथ्यात येई. आपल्या देशाचं सगळं चौथ्यात येई, कारण आपल्याकडे चर्चसारखी एक संस्थाच नाही, तेव्हा धर्म ओसरला हे मोजणार कसं. प्रत्येक प्रश्नाखाली एक बाजू, तिच्यावरचा आक्षेप, त्या आक्षेपाला उत्तर, आणि शेवटी अजून कुठे फट राहिली आहे ते. ती फट म्हणजेच माझ्या प्रबंधाची जागा होती. गिरणगावात धर्म मोजायचा तर देवळातली माणसं मोजून भागणार नाही, मंडप बघावा लागेल, हे त्या प्रकरणाच्या शेवटी आपोआप निघत होतं. मला त्या चार प्रश्नांचा इतका अभिमान होता की पायऱ्या चढताना मी ते पाठ म्हणत असे.

सरांनी तो खर्डा वाचला तेव्हा मी समोर बसले होते. मध्येच ते उठून खिडकीपाशी गेले आणि उभ्यानेच वाचू लागले. हे फार चांगलं झालं आहे, म्हणाले. या रचनेत आम्हीही कधी विचार केला नव्हता, असंही म्हणाले. हे शब्द मी नंतर वर्षानुवर्षं तपासून पाहिले, की मला ते खरंच ऐकू आले होते ना. आले होते, आणि खरेच होते.

मग त्यांनी पानं उलटसुलट केली आणि विचारलं, मोठे सर कुठे आहेत.

मोठे सर म्हणजे ज्यांनी विभाग काढला ते. निवृत्त होऊन गिरगावात राहत होते. सर त्यांचे विद्यार्थी. मोठ्या सरांनी तरुणपणी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या धर्मावर एक लेख लिहिला होता. कामगार गावी देवळात जातो आणि इथे जात नाही, तेव्हा गिरणीच्या भोंग्याने देवळाची घंटा बंद पाडली, अशा अर्थाचा. मोठे सर माझ्या चौथ्या प्रश्नाखाली होते. त्यांच्या म्हणण्यामागोमाग, खेड्यांवर काम करणाऱ्या दुसऱ्या एका अभ्यासकाचा आक्षेप होता, की आपल्याकडे धर्म घरात, जातीत आणि सणावारांत असतो, देवळाची हजेरी ही चर्चवाल्यांची मोजपट्टी आहे. मी पान काढून दाखवलं. सरांचा चेहरा मी देवाला पाय लावल्यासारखा झाला.

त्यांनी कपाटातून विभागातले जुने प्रबंध काढून माझ्यापुढे ठेवले. दुसरं प्रकरण उघडून बघा, म्हणाले. मी बघितलं. विषय निरनिराळे, कोणाचा विवाह, कोणाचा गुन्हेगारी, कोणाचा कोळीवाडा, पण दुसऱ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य प्रत्येकात मोठ्या सरांचं. मग मोठ्या सरांचे विलायतेतले गुरू. मग मोठ्या सरांचे समकालीन. मग सर. आणि मग 'इतर', ज्यांत फ्रेंच आणि जर्मन पंडित एका ओळीत उभे. पंगतीत जसं पहिलं पान कोणाला वाढायचं ते ठरलेलं असतं, तसं ते ठरलेलं होतं. कोणी नियम लिहिला नव्हता. सरांनी त्याला शब्द वापरला तो 'मान'. पहिला मान त्यांचा, म्हणाले.

मी म्हटलं, सर, तुम्हीच सांगितलं होतंत की ही यादी झाली, आढावा नव्हे. ते म्हणाले, ते खरंच आहे, पण तुमच्या तोंडी परीक्षेला मोठे सर बसणार आहेत. मी विचारलं, त्यांनी असं मागितलं आहे का. या प्रश्नावर सर मला म्हणाले, अशा गोष्टी मागाव्या लागत नाहीत. हे त्यांनी अगदी भक्तीने म्हटलं. श्राद्ध न करणारा हा माणूस दर गुरुपौर्णिमेला फळांची टोपली घेऊन ट्रामने गिरगावात जात असे, आणि त्याला नुसती भेट म्हणत असे. धर्म शहरात विरून जातो हे आम्हाला शिकवणारा हाच.

मी बरीच भांडले. म्हटलं, रचना अशी केली तर मोठ्या सरांचं म्हणणं पहिल्या पानावर जातं आणि त्यावरचा आक्षेप 'इतरां'त, म्हणजे शेवटच्या पानावर. मधल्या पानांत वाचणारा विसरूनही जाईल की कोणी कोणाला उत्तर दिलं. आणि धर्म कशाला म्हणायचं हा पाया तो तर कुठेच राहत नाही, कारण तो कोणा एका माणसाचा नाही. सर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, आक्षेपाचा भाग काढूनच टाका, तो माणूस आपल्या घराण्यातला नाही. शेवटी त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, मार्गदर्शकाच्या सहीशिवाय प्रबंध आत जात नाही हे तुम्हाला माहीत आहे. जून तोंडावर होता.

घरी बाबांना सांगितलं तर त्यांना त्यात अडचणच दिसेना. "पयलो मान देवन टाक गो," ते म्हणाले. "आरतीक अध्यक्ष पुढे उभो रवता, तेका काय आरती येता?" आई हसली. मला हसू आलं नाही. मंडळाच्या अध्यक्षाला आरती येत नाही म्हणून आरतीचं काही बिघडत नाही, मागचे म्हणतात. माझ्या प्रकरणात मागून म्हणायला कोणी उरणार नव्हतं.

मी कार्डं पुन्हा मांडली, या खेपेला नावांनी. चार प्रश्नांचे ढीग मोडून प्रत्येक कार्ड त्याच्या मालकाकडे परत पाठवलं. ज्याला जे म्हणायचं होतं ते त्याच्या त्याच्या परिच्छेदात गेलं आणि कोणाचं कोणाशी नातं उरलं नाही. सर मधूनमधून बघत आणि अमुक यांना तमुक यांच्यापुढे बसवा असं सुचवत. गिरगावातल्या टायपिंगवाल्याकडे प्रबंध गेला. त्याने सगळं स्वच्छ टाइप करून दिलं. कागद चांगला, बांधणी निळी. सरांनी सही केली. मी तो प्रबंध हातात घेतला तेव्हा मला त्याचा किळस आला, आणि हे मी सौम्य करून सांगत नाही.

तोंडी परीक्षा विभागातच होती. मोठं टेबल, पलीकडे मोठे सर, त्यांच्या शेजारी बाहेरगावाहून आलेले दुसरे परीक्षक, आणि बाजूला सर. मोठ्या सरांना मी पहिल्यांदाच जवळून पाहत होते. कृश, कानाला यंत्र लावलेलं, धोतर, कोट. त्यांनी निळी बांधणी उघडली. दुसरं प्रकरण. माझ्याकडे पाहून विचारलं, "तुम्ही माझ्यापासून का सुरुवात केलीत?"

मी म्हटलं, आपण या विषयावर आपल्याकडे पहिल्यांदा लिहिलंत म्हणून. ते म्हणाले, पहिल्यांदा लिहिलं हे वर्तमानपत्राला महत्त्वाचं, आढाव्याला नव्हे. मग ते त्या लेखाबद्दल बोलू लागले. तेव्हा मी तरुण होतो, म्हणाले, आणि देवळात जाणारी माणसं मोजली, कारण विलायतेत चर्चला जाणारी मोजत असत. पुढे माझ्या लक्षात आलं की ही मोजपट्टीच आपली नव्हे. तुम्ही कामगारवस्तीतल्या, असं मला कळलं, तेव्हा वाटलं होतं की यावर कोणी काय आक्षेप घेतला, त्यातला कुठला टिकतो, हे तुम्ही सांगाल. त्यांनी पानं उलटली. एकेका नावावर बोट ठेवत गेले.

"हा आढावा नाही. ही नमनाची यादी आहे. यांतलं कोण कोणाशी बोलतं, ते मला दाखवा."

सरांनी मला पहिल्या दिवशी सांगितलेलं तेच वाक्य, जवळजवळ तसंच. म्हणजे ते सरांना मिळालं तेही इथूनच. देवाला नैवेद्य नको होता. तो मागायला आलाच नव्हता. पुजाऱ्याने आपल्या भक्तीपायी माझी चूल त्याच्यापुढे उपडी केली होती.

मी म्हणाले, "मी आधी वेगळी रचना केली होती. प्रश्नांनुसार."

मोठे सर पुढे झुकले. खरोखर उत्सुकतेने. "मग ती कुठे आहे?"

मी सरांकडे पाहिलं. मला अजून आठवतं, मी अगदी निर्धास्तपणे पाहिलं. इतकं सोपं होतं ते. सरांनी एवढंच म्हणायचं होतं की रचना होती, चांगली होती, मी बदलायला लावली. सरांच्या पुढ्यात काचेचा पेपरवेट होता. तो त्यांनी थोडा फिरवला.

"विद्यार्थिनीने तसा काही प्रयत्न केला होता," ते म्हणाले. "पण तो अपुरा होता."

दुसऱ्या परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. मोठे सर पुन्हा खुर्चीला टेकले. त्यांनी मला गिरणगावाबद्दल काही विचारलं, मी काही उत्तर दिलं, पण काय ते आज आठवत नाही. निकाल लागला तो असा की दुसऱ्या प्रकरणाची पुनर्रचना करून प्रबंध पुन्हा सादर करावा. बाकीची प्रकरणं ठीक आहेत, असा शेराही होता.

जिन्यात सरांनी मला गाठलं. त्यांचा आवाज अगदी मऊ झाला होता. म्हणाले, समजून घ्या, मोठ्या सरांपुढे मी असं कसं सांगणार. मी विचारलं, कसं म्हणजे काय. ते म्हणाले, त्यांना वाईट वाटलं असतं, की त्यांच्याच विद्यार्थ्याला आढावा कळत नाही. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मला बुडवलं, आणि हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या पाण्याची तेव्हाही कीव आली नाही, आज तर मुळीच येत नाही.

जून आला आणि गेला. कॉलेजची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. प्राचार्यांनी भला माणूस म्हणून दोन शब्द समजुतीचे सांगितले. बाबा साचेखात्यात काय सांगत होते मला ठाऊक नाही; घरात त्यांनी विषय काढला नाही आणि मंडळाच्या कमिटीच्या बैठकीला दोनदा गेले नाहीत. चिंचपोकळीच्या एका शाळेत मी नोकरी धरली. सकाळी मुलींना भूगोल शिकवायची आणि दुपारी जुनी कार्डं काढून ढीग पुन्हा लावायची. नवीन काही करायचं नव्हतं. माझा जुना खर्डाच मला परत लिहून काढायचा होता, शब्दन् शब्द. आपल्याच घरात चोरीने शिरावं तसं ते वाटे.

तो खर्डा घेऊन मी दादरला गेले. सरांनी वाचला. या वेळी उठून खिडकीशी गेले नाहीत. एक शब्द बदलला नाही, सही करायला पेन काढलं, आणि मग म्हणाले, प्रस्तावनेत एक ओळ घाला. ती ओळ त्यांनी मला सांगून लिहवून घेतली. 'दुसऱ्या प्रकरणाची ही रचना आदरणीय मोठ्या सरांनी परीक्षेच्या वेळी केलेल्या मौलिक सूचनेनुसार केली आहे,' अशा अर्थाची, इंग्रजीत. मी म्हटलं, सर, ही रचना त्यांच्या सूचनेच्या आधीची आहे, तुम्ही स्वतः ती वाचली होती. सर म्हणाले, पुनर्रचना करा असं सांगितलं ते त्यांनीच ना. पेनाचं टोपण त्यांच्या हातात होतं.

मला एम.ए. मिळालं. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या जवळपासच. लालबागला रोषणाई होती, माणसं रस्त्यात नाचत होती, आणि बाबांनी दोन्ही गोष्टींचे पेढे एकदम वाटले. मंडळाने त्या वर्षी विजयाचा देखावा केला. मी तो बघायला गेले नाही. डोकं दुखतंय म्हटलं.

कॉलेजची जागा पुन्हा निघाली नाही, किंवा निघाली तेव्हा मला कोणी विचारलं नाही. मी शाळेतच राहिले. पण अधूनमधून ग्रंथालयात जायची, आणि विभागातले नवे प्रबंध काढून बघायची खोड मला लागली. त्यांत दुसरं प्रकरण उघडलं की सगळं ओळखीचं. धर्म म्हणजे काय, कमी होतं ते काय, कशामुळे, कुठे लागू. विषय जात असो की कुटुंब, तिथेही कोणीतरी हे चार प्रश्न ओढूनताणून बसवलेले असत, कारण आता तीच रीत झाली होती. आणि पहिलं वाक्य असे, आदरणीय मोठ्या सरांनी घालून दिलेल्या चौकटीनुसार. म्हणजे यादी गेली आणि नमन राहिलं. पुढे परदेशी पुस्तकांतून वाचलं की तिथल्या अभ्यासकांनाही असंच लक्षात आलं, की धर्म ओसरणं ही एक गोष्ट नाही, तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करून तपासल्या पाहिजेत. ते वाचून मला आनंद व्हायला हवा होता. मी पुस्तक मिटलं आणि परत दिलं.

मोठे सर बरीच वर्षं जगले. ते गेले तेव्हा विभागाने शोकसभा ठेवली. मला बोलावणं नव्हतं. वर्तमानपत्रात वाचून गेले आणि मागच्या रांगेत बसले. सर अध्यक्ष होते. केस पांढरे झालेले, आवाज तसाच मऊ. मोठ्या सरांनी श्राद्धपक्षाला विरोध कसा केला, देवधर्म कसा झुगारला, ते सगळं सांगून झालं. शेवटी ते म्हणाले की वृद्धापकाळातही, एका सामान्य प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, मोठ्या सरांनी सहज बोलता बोलता या विषयाला चार प्रश्नांची चौकट दिली, आणि आज तीच आपल्या सगळ्यांची वाट आहे. मी समोर आहे हे त्यांना दिसलं होतं. बोलताना त्यांची नजर माझ्यावरून गेली आणि पुढच्या रांगेवर स्थिर झाली.

मला मोठ्या सरांचा राग नव्हता, आजही नाही. त्या खोलीत मला खरा प्रश्न विचारणारे ते एकटेच होते, आणि त्यांना त्याचं उत्तर कोणी मिळू दिलं नाही. ते जन्मभर यादीच्या डोक्यावर बसून राहिले आणि कोण कोणाशी बोलतं ते त्यांना कळलं नाही.

मग सरांनी सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. खुर्च्या सरकल्या, सभागृह उठलं, माना खाली गेल्या. मी बसून राहिले. शेजारच्या बाई उभ्या होत्या, त्यांनी वाकून काळजीने हळूच विचारलं, "गुडघे दुखतात का हो?"

"नाही," मी म्हटलं. "गुडघे चांगले आहेत."